तिसऱ्या मोरीचा बाण

सन २०२४, एप्रिल महिना. शिमगा होऊन आठवडा झाला होता आणि आमच्या खारबंधाऱ्याचं काम काढलं होतं. त्या महिन्यातलं हे सांगतो. बंधाऱ्यावर चाळीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात, मोरीच्या तोंडाशी गाळ साचतो तसे. उपसले नाहीत तर वाट बंद करतात.

मी या बंधाऱ्याचा मुकादम होतो. शिक्षण चौथी. पण माझ्या हाताखालचा दगड कधी हलला नाही.

बंधारा सोपा आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. पोटातून पाणी जायला तीन मोऱ्या. मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली झडप. भरतीला खाडीचं पाणी झडपेला बाहेरून दाबतं, ती चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला खाडी उतरते, शेतातलं पाणी आतून ढकलतं, झडप उघडते, पाणी निघून जातं. उघडायला माणूस नको, लावायला नको.

*

आमच्या शेतकरी समितीचा अध्यक्ष तातू. नवा इंजिनीयर आला की तातू त्याला एकच प्रश्न विचारतो.

"सायब, आज भरती कितक्या वाजता?"

मागे एकाने मोबाईल काढला आणि वेळ सांगितली. ती मुंबईची होती. तातू म्हणाला, "मगे तुमी मुंबयक जावन बसा. हय पाणी इला की कळयतंव."

यंदा सायली मॅडम आल्या. ज्युनिअर इंजिनीयर, नोकरीचं पहिलंच वर्ष. इथल्याच कट्टा गावच्या, बापाचं तिथे किराणा दुकान. तातूने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "खंयची? खाडीच्या तोंडाची की हयची? हय उशिरान येता ना?"

तातूने त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. ती खुर्ची त्याने आमदारालाही दिली नव्हती.

*

भिकाजी सुतार माझ्या टोळीत होता. पहिल्या दोन मोऱ्या आमच्या आज्या-पणज्यांनी कागदाशिवाय बांधलेल्या. तिसरी आम्ही बांधली, तीसेक वर्षांपूर्वी, आणि तिला कागद होता. निळा, मोठा, घडीचा. तो माझ्या हातात असायचा.

झडप बसवायच्या दिवशी भिकाजी म्हणाला, "मुकादमांनू, बाकी दोघांका झडपो खाडीकडे आसत. ही शेताकडे कशी?"

मी कागद उघडला. मला त्यातला बाण तेवढा कळत होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं ते साहेबांनी वाचून दाखवलेलं, की पाणी ज्या तोंडातून बाहेर पडतं त्या तोंडाला झडप. बाण शेताकडे होता. मी म्हटलं, "कागद सायबान केलोहा. तू सायब काय? बाण बघ आणि बसव."

त्याने बसवली.

पुढच्या उधाणाला उलटं झालं. भरतीने झडप आत ढकलून उघडली आणि खारं पाणी शेतात शिरलं. ओहोटीला आतलं पाणी परत निघू लागलं तर त्यानेच झडप दाबून बंद केली. खारं पाणी शेतात कोंडलं. लावणी जळली. मीठ जमिनीतून धुऊन जायला तीन पावसाळे लागले.

चौकशीला साहेब आले. विचारलं, "अशी कोणी बसवली?" भिकाजीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. फाईलला लागलं, 'सुताराच्या अज्ञानामुळे'.

भिकाजीने झडप काढून स्वतःच्या लाकडाने खाडीकडे बसवली. त्यानंतर गावात त्याला कोणी काम दिलं नाही. लग्नात पंगतीला बसला की कोणीतरी म्हणायचं, "भिकाजी, तोंड खंयच्या बाजूक ता बघून जेव." तो हसायचा. मग पंगतीला यायचा बंद झाला. करोनाच्या आधीच्या वर्षी गेला.

तीस वर्षं मी त्याच्या घरासमोरून गेलो नाही. लांबच्या वाटेने गेलो.

*

यंदा तिसऱ्या मोरीची झडप कुजून वाहून गेली होती. फळ्या ठोकून तोंड बंद केलेलं. नवी लोखंडी झडप आली, आणि तिच्याबरोबर देवगडचा कंत्राटदार, आणि त्याच्या हातात त्याच निळ्या कागदाची प्रत.

मोरीच्या दोन्ही तोंडांना बोल्टांची जुनी भोकं होती. झडप खाडीकडे होती हे गाव सांगत होतं, पण जागेवरून ते सिद्ध होत नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, "नकाशात बाण शेताकडे. शेताकडे बसवतो. बिल नकाशावर निघतं."

मॅडमनी नकाशा मांडीवर घेतला. एकेक आकडा वाचत गेल्या. मग बोट ठेवलं.

"ह्यो आकडो बघा. मोरीचो तळ शेताकडे एक मीटर वीस. खाडीकडे एक मीटर दहा. म्हणजे तळाक उतार खाडीकडे. आणि बाण शेताकडे. शेतातला पाणी चढण चढतला?"

कंत्राटदार आकड्यांवर वाकला.

"आणि ह्या बघा. पाणी जोरान पडता थंय तळ खणूचो नाय म्हणान दगड रचतत. ते दगड खाडीकडे दाखवलेत. सगळो नकाशो एक बोलता, बाण एकटो उलट बोलता."

मग त्यांनी आम्हाला फळ्या काढायला लावल्या. ओहोटीला मोरीत नारळाचं सोडण टाकलं, ते खाडीकडे गेलं. भरती लागल्यावर टाकलं, ते शेताकडे आलं. लगेच फळ्या परत ठोकल्या.

तातू म्हणाला, "बाय, मगे दोनय बाण खरे."

"पाणी दोनय बाजूक जाता, तातूनू. बाण ता कसा जाता ह्या दाखवीत नाय. आपण खंय जावक देतंव ता दाखवता."

मी चाळीस वर्षं ते पाणी पाहिलं. हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

*

उपअभियंता साहेब जीपमधून उतरलेच नाहीत. काच खाली करून बोलले.

"नकाशा मंजूर आहे. फाईलमध्ये स्पष्ट आहे, झडप सुताराने चुकवली. म्हणजे त्याने नकाशाच्या विरुद्ध बसवली. म्हणजे नकाशा बरोबर."

"सर, त्याने नकाशाप्रमाणेच बसवली असेल तर?"

"तसं म्हणणारा कोणी आहे? लेखी? नसेल तर सोमवारी नकाशाप्रमाणे काम करा. आणि नोकरी नवी आहे, जपा."

जीप गेली. मॅडमनी नकाशाची घडी घातली, ती नीट पडेना. तातूने माझ्याकडे पाहिलं. त्याची शेतं तिसऱ्या मोरीच्या आत आहेत, माझीही आहेत.

मी घरी गेलो. जेवलो नाही.

*

रविवारी देवळासमोर समितीची सभा झाली. मी तिथे जाण्याआधी भिकाजीच्या घरी गेलो. त्याची बायको शेवंतीवयनी अंगणात आमसुलं पालथी करत होती.

मी म्हटलं, "वयनी, सभेक चला."

"कित्याक? थंय माका कोण बोलवता?"

"मी बोलवतंय."

तिने हात पुसले आणि माझ्यामागून आली.

सभेत मी उभा राहिलो. मॅडमना म्हटलं, लिहा. त्या लिहू लागल्या.

"तिसऱ्या मोरीची झडप भिकाजीन कागदातल्या बाणाप्रमाणा बसयली. बसवच्या आधी त्यान माका इचारल्यान. बाजू चुकता म्हणान सांगितल्यान. मी त्याका गप केलंय. माका कागद वाचूक येय नाय होतो आणि ता सांगूची माका लाज वाटली. चौकशीत मी बोललंय नाय. चूक कागदाची आणि माझी. त्याची नाय."

मॅडमनी ते ऑफिसच्या मराठीत लिहून वाचून दाखवलं. मी खाली सही केली. ती मला येते. मॅडमनी नकाशावरचा बाण लाल शाईने खोडला, खाडीकडे नवा काढला, आणि माझा कागद त्याला जोडला.

शेवंतीवयनी बायकांमधून उठून पुढे आली.

"परत वाच गो बाय," ती म्हणाली. "मोठ्यान."

मॅडमनी परत वाचलं.