डोग्बे सरांची लाल-निळी पेन्सिल

डोग्बे सरांच्या निरोपसमारंभात केटा गावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत जी भाषणं झाली ती सगळी खोटी होती, एक सोडून. त्या एका भाषणावर मी येणारच आहे. पण आधी माणूस कसा होता ते सांगते, कारण मेलेल्या आणि निवृत्त झालेल्या माणसांबद्दल लोकांना एकदम गोड बोलायची हुक्की येते आणि मला ती कधी आली नाही.

वोर्लान्यो डोग्बे हे आमच्या साहित्य विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले तेव्हापासून त्यांचे तेच दोन सुरवारीसारखे ढगळ सूट, तोच अंगठा कोटाच्या कडेत खोचून उभं राहणं, आणि वरच्या खिशात ती पेन्सिल: एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. मुलींनी दोन पुस्तकांच्या तुलनेवर निबंध लिहिला की सर बसायचे. पहिल्या पुस्तकाबद्दलच्या वाक्याखाली लाल रेघ, दुसऱ्याबद्दलच्या वाक्याखाली निळी. परिच्छेदात एकच रंग दिसला की त्यावर काट. मुलगी आधी एका पुस्तकाची सगळी कथा सांगून मग दुसऱ्याकडे वळली असेल, तर तिच्या वहीत आधी लाल समुद्र आणि मग निळं डबकं दिसायचं, आणि सर ती वही वर्गात फडकवायचे.

मान्य करायला जीभ जड होते, पण पद्धत बरोबर होती. दोन्ही पुस्तकांना विचारता येईल असा एक प्रश्न हवा, प्रत्येक मुद्द्यावर दोघांची हजेरी हवी, आणि फरक दिसला तर तो कशामुळे हे सांगायला हवं. हे सगळं ते बरोबर शिकवायचे. फक्त शिकवायचे असे, की मुलीला जन्माची अद्दल घडावी.

"काय गं, कशाच्या आधारावर तुलना केलीस?"

"सर, दोन्ही नाटकांत आई आहे."

"दोन्ही नाटकांत पानंही आहेत! दोन्ही कागदावर छापलीत! त्यावर लिही चार पानं! आई आहे म्हणे. ती आई करते काय, तिच्यावाचून नाटकाचं अडतं काय, हे विचारलंस? बस खाली. तुझ्या आईला म्हणावं, मासे खारवायला पाठव पोरीला, इथे वेळ घालवू नको."

मुलगी रडायची. सर पेन्सिलीला टोक काढायचे.

तर अशा या माणसानं स्वतः एक नाटक लिहिलं होतं. 'तोग्बुईंचं आसन'. तोग्बुई म्हणजे गावचा प्रमुख, म्हातारा झालेला, आणि पूर्वजांचं आसन भाच्याला द्यायची वेळ आलेली, पण हा काही उठत नाही. विषय वाईट नाही. पण नाटकभर तोग्बुई बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. ज्याची वर्षानुवर्षं वाट पाहण्यात जवानी गेली तो भाचासुद्धा दर प्रवेशात मामाची स्तुतीच करतो. तोग्बुई कोण हे ओळखायला शाळेत कुणाला चष्मा लागत नव्हता. दर वार्षिक संमेलनाला मुली ते नाटक करायच्या आणि सर पहिल्या रांगेत बसून प्रमुखाचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणायचे.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या नशिबानं दार ठोठावलं. आसपासच्या शाळांची मिळून एक पुस्तक-समिती होती. माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला एक नाटक लावायचं होतं आणि शेवटी दोनच उरली: सरांचं, आणि आफी नुत्सुगा नावाच्या निवृत्त परिचारिकेचं 'चाव्यांचा जुडगा'. त्यात वॉर्डाच्या चाव्या सोडायला तयार नसलेली एक म्हातारी मुख्य परिचारिका आहे. समितीचे अध्यक्ष, एफो अग्बेको, चर्चच्या गानवृंदात सरांच्या शेजारी उभे राहून गायचे. त्यांनी ठरवलं, की दोन्ही नाटकांची तुलना करणारा एक निबंध आमच्याच शाळेनं पाठवावा. अट एकच: नाटकाच्या लेखकानं स्वतः त्यात एक अक्षर लिहायचं नाही. विभागप्रमुख म्हणून तपासून सही करायला मात्र हरकत नाही. मैत्रीत एवढं चालतं.

सरांना आयुष्यात एवढंच हवं होतं, की आपण गेल्यावरही शाळेत आपलं नाटक मुलींच्या हातात असावं. त्यांनी निबंधाचं काम एलिनामला दिलं. एलिनाम त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, नुकतीच आमच्याकडे शिकवायला लागलेली. आपण वाढवलेली पोर आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, हा हिशेब.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. हातात सरांच्या अक्षरातले कागद.

"डा यायरा, सरांनी नमुना दिलाय. म्हणाले, यावरून लिही."

डा म्हणजे ताई. मला ती शाळेतही ताईच म्हणायची.

"नमुना? बघू."

मी माझ्या खणातल्या दोन पेन्सिली काढल्या आणि सरांचाच खेळ सुरू केला. लाल. लाल. लाल. पान उलटलं, लाल. तुलनेचा आधार होता 'कोणत्या नाटकात प्रमुखपदाच्या परंपरेचं अधिक उदात्त दर्शन घडतं?' दवाखान्यातल्या नाटकात प्रमुख कुठून येणार? तिथे आहेत ताप, बेडपॅन आणि रांग. प्रश्न असा बेतलेला, की दुसरं नाटक उत्तर द्यायच्या आधीच हरलेलं. शेवटी एकच निळं वाक्य सापडलं: 'श्रीमती नुत्सुगा यांचा प्रयत्नही वाचनीय आहे.'

"एलिनाम, या माणसानं ते नाटक वाचलेलं नाही," मी म्हणाले.

"असं कसं, डा?"

"असंच. दोन पुस्तकांची तुलना एकच वाचून करायची, तेही स्वतःचं, ही आपल्या सरांची कमाल. तू काय करणार आहेस?"

तिनं ते कागद गोळा केले. मग म्हणाली, "सरांनी शिकवलं तसं लिहिणार."

आणि लिहिलं पोरीनं. आधार घेतला दोन्ही नाटकांच्या पोटातला: दोन्हीकडे एक म्हातारं माणूस हातातलं सोडायला तयार नाही. त्याला भीती कशाची वाटते, आणि जो वाट पाहतोय त्याला नाटक बोलू देतं का? प्रत्येक परिच्छेदात दोघांची हजेरी. तोग्बुईला भीती, की आसनावाचून आपल्याला कोणी ओळखणार नाही. म्हाताऱ्या परिचारिकेला भीती, की चाव्या दिल्यावर रात्री कोणी मेलं तर आपण नसू. इकडे भाचा मामाची स्तुती करतो. तिकडे धाकटी परिचारिका तोंडावर विचारते, 'ताई, तुम्ही रुग्णांना सांभाळता की कुलपांना?' एलिनामनं कुणाला टोमणा मारला नव्हता. नुसतं शेजारी शेजारी ठेवलं होतं, आणि तेवढ्यानंच सगळं दिसत होतं.

विभागाच्या बैठकीत सरांनी निबंध हातात घेतला. वाचता वाचता त्यांच्या मानेवरची शीर वर आली. सगळ्यांसमोर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि रेघा मारायला लागले. लाल, निळी, लाल, निळी. पोरीनं कुठे फट ठेवली नव्हती. माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू?

मग एका जागी ते थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा परिच्छेद! नुसता लाल! असमतोल! हेच शिकवलं मी तुला?"

"सर, तो कोणता ते वाचा ना," मी म्हणाले.

त्यांनी वाचला. त्यांच्या नाटकाचा पहिला प्रवेश. सुतार आसन घडवण्याआधी झाडाची माफी मागतो. एलिनामनं लिहिलं होतं, की अख्ख्या नाटकात इथेच कोणी कुणाला शिकवत नाही आणि म्हणून इथे डोळे भरून येतात. निबंधातली सरांची एकमेव खरी स्तुती. आणि त्यांच्याच नियमानं तिच्यावर काट पडायला हवी होती.

"मग काढते मी तो, सर," एलिनाम म्हणाली. ती खरंच काढायला निघाली होती.

"थांब!" सर म्हणाले. "काढायचा कशाला? दुसऱ्या नाटकाच्या सुरुवातीबद्दल एक वाक्य घाल म्हणजे झालं."

"मला तिथे ठेवण्यासारखं सुचलं नाही, सर. म्हणून तर तो एकटा राहिला."

"सुचलं नाही! पुस्तक कुठे आहे? आण इकडे."

जेवणाची सुट्टी झाली. सगळे गेले. मी मुद्दाम मागे राहिले, कारण असा तमाशा फुकट बघायला मिळत नाही. सरांच्या ताटातला मक्याच्या पिठाचा अक्प्ले गार होऊन वर साय धरली, माशांवर माश्या बसल्या, आणि वोर्लान्यो डोग्बे 'चाव्यांचा जुडगा' वाचत होते. पहिल्यांदाच. आधी भुवया वर करून, मग पाठ खुर्चीला टेकवून, मग पुढे झुकून. घंटा झाली तरी उठले नाहीत. स्वतःच्या कौतुकाचा एक परिच्छेद वाचवण्यासाठी या माणसानं शेवटी दुसऱ्याचं पुस्तक वाचलं. मग एलिनामच्या कागदाच्या समासात, अटीबिटी सगळ्या गुंडाळून, त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं:

'तिकडे सुरुवातीला आपल्याला कोणी काहीच दाखवत नाही, आणि तरी दोन-चार बोलणी होईतो आपण त्या रांगेत उभे असतो, दार कधी उघडतंय म्हणून.'

खाली निळी रेघ मारली. "घाल हे. आणि स्वच्छ प्रत कर," म्हणाले. मग सही केली. आपला परिच्छेद काटेतून बचावला होता, दुसरं काही त्यांना दिसत नव्हतं.

समितीनं 'चाव्यांचा जुडगा' निवडलं.

आता ते एक खरं भाषण. निरोपसमारंभात एफो अग्बेको उठले. गानवृंदातला मित्र, मोठ्या आवाजाचा. म्हणाले, "डोग्बेंनी शिकवलं काय, ते या एलिनामकडे बघा! समितीत आमची मतं दोन्हीकडे सारखी पडली होती. मी तर यांच्याच बाजूचा, सगळ्यांना माहीत आहे. पण पोरीच्या निबंधात एक वाक्य होतं. त्या एका वाक्यानं निकाल लागला." आणि त्यांनी ते पाठ म्हणून दाखवलं. रांग, दार, सगळं. "असं वाक्य लिहिणारी शिष्या ज्याला लाभली, त्याला आणखी काय हवं?"

टाळ्या पडल्या. डोग्बे सर टाळ्या वाजवायला विसरले. एवढी पानं खरडली, तोग्बुईला एवढं बोलायला लावलं, आणि आयुष्यात एकच वाक्य असं साधलं की ऐकणाऱ्यानं पाठ करावं. ते दुसऱ्याच्या नाटकाबद्दल होतं, त्यानंच त्यांचं नाटक पाडलं, आणि ते आपलं आहे असं म्हणायची सोय नव्हती.

एलिनाम उभी राहिली. "साहेब, ते वाक्य माझं—"

"बस खाली," सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच, पण आवाज बसलेला. "भाषणं पुरे झाली. जेवण गार होतंय."

एलिनाम मला अजून सांगते, की सरांनी त्या दिवशी तिला आपलं वाक्य देऊन टाकलं. मी म्हणते, घाबरला होता. लेखकानं निबंधात हात घातला हे उघडं पडेल म्हणून घाबरला होता, बाकी काही नाही. जाताना पेन्सिल मात्र तिच्या टेबलावर ठेवून गेला. निळं टोक नवं काढलेलं होतं.