बाळंतिणींच्या वॉर्डातली निरीक्षणाची वही

डहाणू आणि तलासरीच्या मधे एका ट्रस्टचं लहानसं रुग्णालय होतं. २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षं मी तिथे स्टाफ नर्स होते. माझं घर बोर्डीला. सकाळची एसटी पकडायची, डहाणूला उतरून दुसरी गाडी धरायची आणि आठच्या आत वॉर्डात हजर व्हायचं. बाळंतिणींच्या त्या वॉर्डात बारा खाटा होत्या, सहा या भिंतीला, सहा त्या भिंतीला. मागच्या खिडक्यांतून चिकूची वाडी दिसायची. दुपारी दोनच्या सुमाराला सगळ्या बाया आणि त्यांची बाळं एकदम झोपायची, तेव्हा वाडीतल्या पाखरांचा आवाज आत यायचा. ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते.

वॉर्ड चालवायच्या आमच्या इन्चार्ज सिस्टर. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, केस पांढरे, चाल ताठ. सुई टोचण्यापासून मयताच्या नातेवाइकांशी कसं बोलावं इथपर्यंत मला सगळं त्यांनी शिकवलं. आणि साफसफाईला, पेशंटला हात द्यायला डहाणूजवळच्या आगर गावच्या मावशी होत्या. त्यांच्या घरी मासेमारीची होडी. शनिवारी त्या कुणाकुणासाठी सुके बोंबील आणायच्या, पण पिशवी वॉर्डाबाहेर झाडाला टांगून ठेवायच्या, कारण इन्चार्ज सिस्टरना वॉर्डात तो वास चालायचा नाही.

२०१६ साली, पाऊस उघडत आला होता तेव्हाची गोष्ट. दहा-बारा दिवसांत सिझेरियन झालेल्या तीन बाळंतिणींच्या टाक्यांत पू झाला. आमचे सर्जन, म्हणजे आमचे सर, मितभाषी होते. त्यांनी इन्चार्ज सिस्टरना आणि मला खोलीत बोलावलं.

"एखादीचं झालं असतं तर मी तिच्या अशक्तपणाला दोष दिला असता," ते म्हणाले. "तीन म्हणजे आपल्यातूनच काहीतरी एकीकडून दुसरीकडे जातंय."

तीस वर्षं ड्रेसिंग केलेल्या इन्चार्ज सिस्टरना हे वाक्य किती लागलं असेल ते मला कळत होतं.

मी त्याच वर्षी जंतुसंसर्ग रोखण्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते, म्हणून काम माझ्याकडे आलं. सरांनी तीन गोष्टी सांगितल्या. ज्यांना संसर्ग आहे त्यांना वेगळं ठेवायचं. वॉर्डात कोण कधी हात धुतं यावर लक्ष ठेवायचं. आणि सिझेरियन झालेल्या प्रत्येक बाईची जखम तीस दिवस तपासत राहायची, ती घरी गेली तरीही.

त्या तिघींतल्या पहिल्या दोघी तोवर बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. तिसरी तलासरीकडच्या एका पाड्यावरची होती. वीसेक वर्षांची, पहिलीच खेप, मुलगी झालेली. पाचव्या दिवशी तिचे टाके लाल झाले, अंगात ताप भरला. जखम सलाइनने पुसून आम्ही आतल्या स्रावाचा नमुना घेतला आणि वापीच्या एका लॅबला पाठवला. त्यानंतर चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू निघाला. सरांनी औषध बदललं आणि म्हणाले, "आजच वेगळ्या खोलीत हलवा."

वेगळी खोली म्हणजे कोपऱ्यातली चादरींची खोली. मावशींनी आणि मी ती दोन तासांत रिकामी केली. तिला स्वतःचं दार होतं आणि शेजारी वेगळा संडास, म्हणून तीच बरी. दारावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: आत जाताना हात स्वच्छ करा, एप्रन आणि ग्लोव्हज घाला, बाहेर येताना ते इथेच काढा आणि पुन्हा हात स्वच्छ करा. त्या खोलीचं थर्मामीटर, बीपी मोजायचं यंत्र, स्टेथोस्कोप, सगळं तिथेच राहणार. आणि तिचं ड्रेसिंग सगळ्यांच्या शेवटी.

त्या बाळंतिणीला हलवलं तेव्हा तिची सासू दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली. आत येईना. मी जवळ जाऊन बसले.

"तिला वाळीत टाकली का?" तिने विचारलं.

"नाही हो. तिच्या जखमेतले जंतू दुसऱ्या बायांना लागू नयेत म्हणून."

"मग पोर कुठं ठेवाल?"

खरी भीती ही होती. मी म्हटलं, "पोर तिच्याजवळच राहील. दूधही तीच पाजेल. फक्त पोरीला घ्यायच्या आधी तिने हात धुवायचे, आणि तुम्हीही."

सासू उठली. "कसे धुवायचे ते दाखव."

मी दाखवले. तळवे, मग हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. शेतात राबलेले तिचे हात खरखरीत होते. तिने एकदाच पाहिलं आणि एकही पायरी न गाळता करून दाखवलं. पुढचे दिवस मी बघत होते, आमच्यातल्या कुणाहीपेक्षा ती जास्त वेळ हात घासायची.

वॉर्डातलं निरीक्षण अवघड गेलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी केसपेपर लिहिण्याचं निमित्त करून बसायचं आणि वहीत खुणा करायच्या. हात स्वच्छ करायच्या पाच वेळा ठरलेल्या होत्या: पेशंटला हात लावायच्या आधी, ड्रेसिंग किंवा सुईच्या आधी, रक्त-पू-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या खाटेला किंवा सामानाला हात लागल्यावर. मी कुणाचं नाव लिहीत नव्हते, फक्त डॉक्टर, सिस्टर, मावशी एवढंच. आठवड्याने वही चाळली तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. घाणीला हात लागला की सगळे धुवायचे. पेशंटला हात लावायच्या आधी मात्र रकाने बहुतेक रिकामे. म्हणजे आम्ही स्वतःला जपत होतो, त्यांना नाही.

मी हे बैठकीत वाचून दाखवलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "बेसिन एक, तेही दाराशी. दुपारी नळाला पाणी नाही. बारा खाटांना बारा वेळा चालत जाऊन बघ."

त्यांचं खरं होतं. सरांनी ट्रस्टच्या मागे लागून प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी आणि ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर हाताला चोळायच्या स्पिरिटच्या बाटल्या बसवून घेतल्या. हात दिसायला स्वच्छ असेल तर वीस-तीस सेकंद चोळून भागतं. मळला असेल तर साबण-पाणीच हवं. पाण्यासाठी वरती वेगळी टाकी आली. वहीतले रकाने भरू लागले. मला वाटलं, जमलं.

आणि मग चौथीच्या टाक्यांत पू झाला.

त्या आठवड्यातली जवळजवळ सगळी ड्रेसिंग माझ्या हातची होती. मी वही उघडून बसले. सगळ्यांच्या खुणा होत्या, माझी एकही नव्हती. मला बघणारं कुणी नव्हतंच. दुपारची वेळ होती, वॉर्ड झोपला होता. मावशी पोछा मारत माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या,

"बाय, एक सांगू? राग मानू नको."

"सांगा ना."

"तू हात चोळते, चांगले चोळते. मग पडदा ओढते. मग ते पाकीट उघडते आणि जखमेकडे जाते."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. खाटांमधले हिरवे पडदे. मी ट्रॉली घेऊन जायचे, हात चोळायचे, मग बाईच्या लाजेखातर पडदा ओढायचे, तिची चादर सारायचे आणि त्याच हातांनी पाकिटातून ग्लोव्हज काढून घालायचे. पडद्याला दिवसभरात सगळ्यांचे हात लागायचे. ते शेवटचे कधी धुतले होते, कुणालाच सांगता येत नव्हतं.

"कधीपासून बघताय?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. तू शिकलेली. मला वाटलं, चालत असेल."

मला रडू आलं, ते मी बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन लपवलं. मग इन्चार्ज सिस्टरना जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला ट्रॉलीपाशी नेलं आणि विद्यार्थिनीला शिकवावं तसं शिकवलं. "आधी पडदा. मग चादर. पाकिटं मांडून ठेव, जुनी पट्टी सोडव, ती पिवळ्या पिशवीत. आता हात. मग निर्जंतुक ग्लोव्हज, आणि त्यानंतर जखमेशिवाय कशालाही हात नाही." त्यांनी मला ते पाच वेळा करायला लावलं. पाचव्या वेळी म्हणाल्या, "उद्या मी करते, तू मला बघ. मीही पडदा ओढतच आले असेन."

पडदे त्याच संध्याकाळी उतरले. गरम पाण्यात धुऊन दुसऱ्या दिवशी वाडीच्या कुंपणाशी उन्हात वाळले, आणि त्यांच्या धुण्याची पाळी भिंतीवर लागली. पडद्यावरून गेलं की माझ्या हातून दुसरंच काही चुकलं, हे ठाम कधीच कळलं नाही. सर तसं म्हणालेही, "पुरावा नाही आपल्याकडे. पण चूक ती चूकच." त्यांनी मावशींना निरीक्षणाच्या कामात घेतलं. मावशींना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी वहीत प्रत्येक वेळेसाठी एकेक चित्र काढून दिलं: खाट, सुई, थेंब, हात, पडदा. त्या खाली बरोबर किंवा फुली करायच्या. सरांनाही त्यांनी दोनदा फुली दिली, आणि सरांनी ती गुपचूप मान्य केली.

पाड्यावरची मुलगी सोळा दिवस त्या खोलीत होती. ताप उतरला, जखम आतून भरत आली. जाताना सासूने माझ्या हातात वालाच्या शेंगा ठेवल्या. तीस दिवस पुरे झाले तेव्हा त्यांच्या पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईचा फोन आला: "जखम कोरडी आहे. पोरगी दूध पिते, वजन वाढलंय." मी ते तिच्या नावापुढे लिहिलं. चौथी बाईही बरी झाली. पुढे बरेच महिने पू झाल्याची नोंद आली नाही. मग एक आली, तेव्हा आम्ही घाबरलो नाही. सगळे वही घेऊन बसलो आणि एकेक पायरी तपासली.

इन्चार्ज सिस्टर २०१९ च्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा राउंड घेतला. मावशी कोपऱ्यात वही घेऊन उभ्या होत्या. राउंड संपल्यावर सिस्टरनी विचारलं, "किती फुल्या?"

"एक," मावशी म्हणाल्या.

"कुठली?"

"सातव्या खाटेवरची. बाळाच्या गालाला हात लावला, आधी चोळला नाही."

सिस्टर हसल्या. पुन्हा सातव्या खाटेपाशी गेल्या, हात चोळले, आणि त्या बाळाला उचलून घेतलं. काही महिन्यांनी मीही ते रुग्णालय सोडलं. नंतर मोठ्या रुग्णालयांत काम केलं, तिथे निरीक्षणाला वेगळी माणसं असतात आणि आकडे दर महिन्याला भिंतीवर लागतात. पण मावशींनी सांगितली तशी, इतक्या हलक्या आवाजात, माझी चूक मला पुन्हा कुणी सांगितली नाही.