दोन परीक्षांची मुदतवाढ

इंजिनिअरिंगला मी इतकी वर्षं काढली की माझा वर्गमित्र त्याच कॉलेजात मास्तर होऊन आला. वर्गात मी त्याला 'सर' म्हणायचो आणि टपरीवर तो मला 'काका' म्हणायचा. हे नाटक मला फार आवडायचं. मग प्रवेशापासून मोजलेली पदवीची कमाल मुदत संपली. माझा गणिताचा एकच पेपर राहिला होता. मुदत वाढली नाही, तर पास झालेले विषयही बाद होऊन पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

प्राचार्यांच्या शिफारशीने माझा अर्ज विद्यापीठात गेला. तेवढ्यात परीक्षेचे फॉर्म निघाले. "मंजुरी नाही, काही नाही, आत्ताच कशाला भरतोस?" टपरीवरचे सगळे जाणकार म्हणाले. मी फॉर्म भरला नाही. परीक्षा सुरू होती तेव्हा मी द्वारका चौकात मिसळ खात होतो.

पुढे मंजुरी आली. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं, "विशेष बाब म्हणून लागोपाठ दोन परीक्षा." मी टाळीसाठी हात पुढे केला. त्यांनी टाळी दिली नाही.

"मुदत संपल्यापासून धरल्यात. पहिली होऊन गेली. फॉर्म भरून ठेवायचा होता राजे, मंजुरीपर्यंत फक्त निकाल राखून ठेवतात."

"मग आता?"

"आता एकच. त्यापुढे वाढ नाही."

त्या परीक्षेला हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून मित्रच होता. प्रश्नपत्रिका हातात देताना त्याने मला 'काका' म्हटलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी पहिला प्रश्न वाचला. तो मला येत नव्हता.