उस्तादांची साखर उतरेना

उस्ताद गप्प झाले की त्यांची बायको हातातलं काम टाकून धावायची. तोंडाचा पट्टा थांबवणं हे काम या माणसाने जन्मात आपणहून केलेलं नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कात्री आणि जीभ एकदमच सुरू व्हायची, आणि बहुतेकदा कात्री आधी दमायची.

दोन भावांचं दुकान. थोरला गल्ल्यावर, धाकटा, म्हणजे उस्ताद, खुर्चीमागे. वस्तरा चालवावा तर उस्तादांनीच, असं सगळा रस्ता म्हणायचा. आणि मग गेल्या वर्षापासून हे सुरू झालं. सकाळी दुकान उघडून एखादी दाढी होते न होते तोच हात थरथरायचे, कपाळाला दरदरून घाम, आणि एकाच गिऱ्हाइकाला तीनदा प्रश्न, "कट नेहमीचाच ना साहेब?" वहिनी, म्हणजे उस्तादांची बायको, घरातून धावत यायच्या आणि तोंडात साखर कोंबायच्या. दहा-पंधरा मिनिटांत गाडी रुळावर. उस्तादांना त्यातलं काहीच आठवायचं नाही.

रस्त्याला मात्र सगळं आठवायचं. "सकाळी सकाळीच लावून येतो," अशी कुजबुज सुरू झाली. एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर ओरखडा उठला, त्या दिवशी थोरल्या भावाने वस्तरा काढून घेतला आणि गल्ल्यात कुलूपबंद केला. "दादा, मी घेत नाही रे," उस्ताद म्हणाले. दादांनी पुढे होऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला. त्या हुंगण्याने उस्ताद खचले. वहिनींना तर दादांच्या डोक्यात चंपीचं तेल ओतावंसं वाटलं होतं, तेही उकळून.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "स्वादुपिंडात एखादी बारीकशी गाठ असेल आणि ती रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन सोडत असेल. पण संशयावर पोट उघडता येत नाही. पुरावा हवा. दवाखान्यात राहायचं, पाणी प्यायचं, खायचं काही नाही. जास्तीत जास्त तीन दिवस."

"अहो, पण उपाशी राहिल्यावरच तर यांना हे होतं!" वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच. तुमच्या-माझ्या अंगात साखर खाली आली की इन्सुलिनचं दुकान शटर ओढून घेतं. मग शरीर चरबी जाळून भागवतं. ती गाठ कुणाचं ऐकत नाही, तिचं शटर उघडंच. साखर तळाला आणि इन्सुलिन तरीही हजर, हे एकाच वेळच्या रक्तात पकडायचंय. घरी तुम्ही धावत जाऊन साखर देता. जीव वाचतो, पण चोर पळून जातो. आणि घरी उपास अजिबात करायचा नाही. इथे हाताला सुई लावलेली असते, माणूस शेजारी असतो."

तर उस्ताद भरती झाले. सिस्टरने पिशवीतलं खाण्यापिण्याचं सगळं काढून घेतलं. ठरलेल्या वेळी रक्त घ्यायचं आणि मधल्या वेळात उस्तादांना चालतं ठेवायचं, असा दंडक. उस्तादांना काय, लांबलचक व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना आयते कान! प्रत्येक खाटेपाशी थांबून ते केसांचं निदान करत. "तुमचा भोवरा उजवीकडे आहे, भांग डावीकडे पाडू नका, कुणी सांगितलं तुम्हाला?"

पहिला दिवस गेला. साखर जरा उतरली आणि तिथेच ठाण मांडून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. वहिनी चिडल्या. "घरी नाष्ट्याला उशीर झाला की कोसळता, आणि इथे पाहुण्यासारखे वागताय!" मग स्वतःच ओशाळल्या. नवरा आजारी पडावा म्हणून कुणी देव पाण्यात घालतं का? पण त्यांचं खरं होतं. साखर उतरली नाही तर उस्ताद घरी जातील, आणि 'दारुडा' हा शिक्का कायमचा.

दुपारी दादा भेटायला आले. खाटेच्या कडेला अवघडून बसले. उस्ताद त्यांना व्हरांड्यातली सगळी डोकी वर्णन करून सांगत होते. सांगता सांगता मध्येच थांबले.

वहिनींनी मान वर केली. उस्तादांची नजर भिंतीच्या पार गेलेली. कपाळावर घाम.

"सिस्टर!" त्या ओरडल्या. "गप्प झाले!"

सिस्टर धावली. बोटातून थेंब घेतला. यंत्रावरचा आकडा चाळिशीत होता. "तुमचं नाव सांगा उस्ताद."

उस्ताद दादांकडे वळून अदबीने म्हणाले, "कट नेहमीचाच ना साहेब?"

दादांचा चेहरा पांढरा पडला. गेलं वर्षभर हे सगळं गल्ल्यामागून बघितलेलं, तेव्हा दारूचा वास हुंगायला पुढे झालेले. आज पाण्याशिवाय काहीही पोटात नसलेला भाऊ समोर बसला होता आणि त्यांना ओळखत नव्हता. "साखर द्या त्याला! कशाची वाट बघताय? द्या!"

वहिनींचा हात आधीच साखर बांधलेल्या रुमालाच्या गाठीवर गेला होता. ती गाठ सिस्टरला द्यायची राहूनच गेली होती. अंगवळणी पडलेली वस्तू माणसाला ओझं वाटतच नाही. गाठ सुटली, साखर तळव्यावर आली.

"आत्ता नाही, ताई!" सिस्टर म्हणाली. तिचे हात सुईवर, नळ्या भरत होते. "आधी रक्त. एक मिनिट."

वर्षभर जो हात विचार न करता धावला, तो वहिनींनी मुठीत आवळला. साखर बोटांतून गळत होती. डोळ्यांतून पाणी. पण मूठ उघडली नाही. दादांनी त्यांचं मनगट धरलं, तेव्हा त्या ओरडल्या, "थांबा! तुमचा भाऊ पीत नाही, याचा पुरावा त्या नळीत चाललाय!"

दादांनी हात सोडला.

डॉक्टरबाई आल्या. प्रयोगशाळेतून फोन आला, साखर एक्केचाळीस. लगेच शिरेतून एक इंजेक्शन गेलं. "हे यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतं," बाई म्हणाल्या. "इन्सुलिनने ती कोठारात कोंडून ठेवली असेल तर आता भराभर वर येईल." दहा-दहा मिनिटांनी रक्त घेतलं आणि आकडा खरंच चढत गेला! घाम ओसरला. उस्तादांनी डोळे मिचकावले, दादांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "दादा, तुझे कल्ले कुणी कापलेत रे? एक वर, एक खाली."

वहिनी हसत सुटल्या, रडत सुटल्या. सिस्टरही हसली आणि जेवणाचं ताट आणायला पळाली. मुठीतली साखर वहिनींनी उस्तादांच्या तोंडात टाकलीच.

बाकीचे रिपोर्ट काही दिवसांनी आले. साखर इतकी खाली असताना इन्सुलिन जागं होतं. सोबत सी-पेप्टाइड नावाचा पदार्थही होता. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हाच तो सुटतो, टोचलेल्या इन्सुलिनबरोबर येत नाही. चरबी जळल्याची खूण जवळजवळ नव्हती, आणि रक्तात साखर पाडणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांचा मागमूस नव्हता. "आता गाठ शोधायला निघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. स्कॅनमध्ये ती सापडली. वाटाण्याएवढी. एवढ्याशा वाटाण्याने अख्खा माणूस बदनाम केला होता. ऑपरेशन झालं, आणि उस्ताद सकाळी उपाशीपोटी वहिनींशी मनसोक्त भांडू लागले.

दादांनी त्या दुपारपासून दाढी केली नव्हती. विचारलं तर "वेळ नाही" म्हणायचे. उस्ताद दुकानात परतले त्या सकाळी रस्त्यावरची ओळखीची मंडळी बाकावर गोळा झाली होती. पहिलं खुर्चीत कोण बसतं, हे बघायला. एकजण पेपर वाचत राहिला, दुसऱ्याला एकाएकी खोकला आला.

दादांनी गल्ल्याचं कुलूप काढलं. वस्तरा उस्तादांच्या हातात ठेवला. मग खुर्चीत जाऊन बसले, मान मागे टाकली आणि सगळ्यांदेखत गळा वर केला.

उस्तादांनी फेस लावला आणि बोलायला सुरुवात केली. दवाखान्यातले भोवरे, डॉक्टरबाईंचे दाट केस, सिस्टरची वेणी. वहिनी दारात उभ्या राहून कान देऊन ऐकत होत्या. वस्तरा गळ्यावर आला. बोलणं थांबलं नाही. आणि निम्मी दाढी व्हायच्या आत दादा घोरायला लागले.