काकूंचं ‘गो’

सहकारिणीला माझ्या घरातली एक खोली द्यायची परवानगी मागणारं पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही, ही खरी पंचाईत.

भाट्याच्या पुलापलीकडे काकूंच्या घराचा वरचा मजला माझ्याकडे भाड्याने होता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. काकू खाली एकट्या राहायच्या. यजमान बोटीवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. दवाखान्याच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे एक नवी मुलगी लागली. आधी लोट्याच्या एका कंपनीत होती, राहायला खेडला. इथे सकाळी सातला रक्त घ्यायला हजर व्हायचं आणि तिला खोली मिळेना. माझी एक खोली तर रिकामीच होती.

करारात स्पष्ट होतं, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही. म्हणून पत्र. मी कामाला पक्की. तिचं आधार कार्ड पाहिलं, कंपनीचा अनुभवाचा दाखला पाहिला, एका रविवारी खेडला जाऊन तिच्या जुन्या घरमालकांना भेटले. ते म्हणाले, ‘‘भाडं वेळेवर, गोंगाट नाही. ती जाताना मात्र आमची आई रडली.’’ मी तेही पत्रात लिहिलं. शेवटी लिहिलं की तिने दिलं न दिलं तरी पूर्ण भाडं माझ्याकडूनच येईल, नुकसान झालं तर मी भरून देईन, तिची माहिती पोलिसांत मी देईन आणि मी घर सोडेन तेव्हा तीही सोडेल.

काकूंनी दोनदा वाचलं. खाली ‘हरकत नाही’ लिहून सही केली. ‘‘मी तिला ओळखत नाही, मॅडम. मी तुम्हाला ओळखत्ये.’’

त्या वाक्याने मी आठवडाभर खूष होते.

पंधरा दिवसांत ती काकूंच्या मागल्या दारी बसून नारळ खवायला लागली. मी वर भाजी चिरायची आणि खालून ऐकू यायचं, ‘‘काय गो, आज उशीर झाला?’’ गो! मला तीन वर्षं ‘मॅडम’ आणि ‘अहो’. माझ्याकडे घावन यायचे ते झाकलेल्या ताटलीत, आणि मी ताटली घासून, वर दोन केळी ठेवून परत द्यायची. ती मात्र काकूंच्या चुलीपाशी बसून तव्यावरचा गरम घावन हाताने उचलायची. मी जळत होते. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. तिची काहीतरी चूक सापडावी म्हणून मी नळ तपासले, दिवे तपासले, ती किती वाजता येते ते पाहिलं. एकही सापडली नाही. माझी चौकशीच इतकी चोख होती.

अकरा महिने झाले, करार नव्याने करायची वेळ आली. तिची खोलीही नव्याने मागावी लागणार होती. मी दुसरं पत्र लिहिलं: खोली यापुढे मला स्वतःला लागेल, सहकारिणीसाठी परवानगी नको. ती कामावर असताना खाली नेऊन दिलं.

काकूंनी चष्मा लावला. ‘‘काय केलंन तिनं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग? तुम्ही तिची जबाबदारी घेतलीत. उद्या ती कुठे जाईल? म्हणून विचारत्ये.’’

कारणं पाठ करून गेले होते, पाहुणे, सामान, अभ्यास. तोंडातून निघालं भलतंच. ‘‘तुम्ही मला कधी गो म्हणाला नाहीत.’’

चाळिशीच्या बाईने हे बोलावं! माझे कान तापले. काकू हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

‘‘पहिल्या वर्षी मी दोनदा वर आले होत्ये. तुम्ही दारातच उभ्या राहून बोललात. मला वाटलं, तुम्हाला नाही आवडत.’’

आठवलं मला. दोन्ही वेळा मी दारात उभी होते, एक हात कडीवर.

पत्र मी परत मागून घेतलं आणि वर जाऊन फाडलं. रात्री तिसरं लिहिलं, पहिल्यासारखंच, सगळी जबाबदारी माझी. दुसऱ्या दिवशी काकूंनी सही केली. म्हणाल्या, ‘‘बस गो, चहा टाकत्ये.’’

मी बसले. चहा चांगला होता. पण ते ‘गो’ मी मागून घेतलेलं होतं. इतक्यात फाटक वाजलं, ती कामावरून आली, आणि काकूंनी मान न वळवताच हाक मारली, ‘‘काय गो, आलीस?’’