बाबांचा हात आणि बाबांचं डोकं

मुलुंडच्या एका क्लासमध्ये बाबा अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे. हात थरथरायला लागल्यावर त्यांचे टेस्ट पेपर मी टाईप करायला घेतले. रोज रात्री जेवणाआधी माझी हीच डोकेफोड. बाबांनी SO₄²⁻ लिहिलं तर चार आणि दोन एका ओळीत, वजा कुठे पळालाय पत्ता नाही. काय लिहिलंय हे, बाबा? मी वैतागायचे. ते शांतपणे म्हणायचे, "आधी अणू मोज, मग चार्ज मोज. दोन्ही बाजू जुळल्या की कळतं मी काय लिहिलंय ते."

आणि खरंच कळायचं. अॅसेटिक अॅसिडपुढे एकच वाकडा बाण दिसला, तरी ते सौम्य आम्ल, म्हणजे बाण दुहेरीच हवा: CH₃COOH ⇌ CH₃COO⁻ + H⁺. टाईप करून दाखवलं की बाबा खूश. "हात गेला तरी चालेल गं," म्हणायचे, "डोकं चालतंय तोवर शिकवणार. ते बिघडलं तर तूच क्लासला फोन करायचा, मला विचारायचं नाही." मी हसून हो म्हटलं होतं. कशाला म्हटलं, देव जाणे.

नवीन गोळ्यांनी हात बराच स्थिरावला. त्या आठवड्यातला पेपर बघून मी म्हटलं, अरे वा, झकास अक्षर! प्रत्येक आकडा जागच्या जागी, बाण सरळ:

MnO₄⁻ + Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + Fe³⁺ + 4H₂O

अणू मोजले, जुळले. सवयीने चार्ज मोजला. डावीकडे अधिक नऊ, उजवीकडे अधिक पाच. पुन्हा मोजला. Fe, म्हणजे लोखंडाच्या आधी दोन्हीकडे पाच हवा होता, मग सतरा-सतरा झालं असतं. कागदावर पाचची खूणसुद्धा नव्हती. आजवर सगळं खापर मी हातावर फोडत आले होते. या वेळी हाताने काहीच चूक केली नव्हती.

कागद घेऊन बाबांसमोर बसले. "बाबा, चार्ज मोजा ना जरा."

त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं. "वजा एक, अधिक दोन, अधिक आठ... किती झाले गं?"

"नऊ."

"आणि इकडे?"

"पाच."

त्यांनी बोट पुन्हा डावीकडून उजवीकडे फिरवलं. मला वाटलं, आता कपाळावर हात मारतील, मला चार शिव्या घालतील. मी अक्षरशः वाट बघत होते शिव्यांची.

"मग बरोबर आहे की," ते म्हणाले. "घे टाईप करायला."

मी कॉम्प्युटरपाशी गेले. दोन्ही पाच घालायला दोन सेकंद लागले असते, कुणाला कळलंही नसतं. पण उद्या फळ्यासमोर ते एकटेच असणार होते, आणि समोर पोरं.

मी फोन घेऊन गॅलरीत गेले, क्लासला लावला आणि मागे दार ओढून घेतलं. आतून बाबा विचारत होते, "पाठवलास का गं पेपर?"