शब्द टाकला नाही

मांडवगण फराट्याचा माझा शाळासोबती एका रविवारी शिरूरला माझ्या खोलीवर आला. कुरकुंभच्या कारखान्यातली त्याची कंत्राटी नोकरी महिनाअखेरीस संपत होती, आणि घरात दुसरी कमाई नव्हती. चहा फुंकत तो म्हणाला, "तुमच्याकडं तपासणीला मानूस पायजे म्हनं. एक शब्द टाक की."

मी रांजणगावच्या एमआयडीसीत सुटे भाग तपासतो. आमच्याकडे शब्द टाकायचा म्हणजे रेफरलचा, शिफारशीचा फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना असतो: या व्यक्तीचं काम तुम्ही स्वतः पाहिलंय का? मागं आतेभावासाठी मी तिथं डोळे झाकून 'हो' लिहिलं, आणि आठव्या दिवशी तो न सांगता पसार झाला. साहेब अजूनही हसून विचारतात, "काय, पाहुणे बरे आहेत ना?" माझी मान खाली जाते.

"गड्या, राग धरू नको," मी म्हणालो. "तुझ्यासंगं मी काम केलं न्हाई. खोटं लिवनार न्हाई. पन अर्ज तू स्वतः कर, तयारी मी करून घेतो."

"दहावीला गनितं कुनी दाखवली व्हती तुला?"

ती त्यानंच दाखवली होती. वाईट वाटलं, पण शब्द फिरवला नाही.

तो उठून गेला नाही, हे नशीब. बायोडाटात त्यानं ठोकून दिलं होतं, 'सर्व मशीनचे ज्ञान'. ते मी खोडलं. कुरकुंभला रोज काय मोजायचास, कशानं मोजायचास, तेवढंच लिहायला लावलं. मग माझा जुना व्हर्नियर, जबड्यात वस्तू धरून बारीक माप घ्यायचं साधन, त्याच्या हातात दिला. पठ्ठ्यानं थेट चहाचा ग्लास मोजायला घेतला.

"आधी जबडे मिटव. शून्याला शून्य जुळतंय का बघ. जुळत नसंल तर मापात तेवढी चूक धरायची."

तीन रविवार तो आला. मोजायचा, वहीत लिहायचा, निघायचा. चहा मात्र पुन्हा घेतला नाही.

मुलाखत झाली त्या दिवशी दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. "तुमच्या भागातला एक जण घेतला. व्हर्नियर हातात दिल्या दिल्या म्हणाला, आधी याचं शून्य चुकतंय. इथं कुणी ओळखीचं आहे का विचारलं, तर म्हणाला, कुणी नाही."

आनंद झाला, आणि तेवढंच काळजाला लागलंही. संध्याकाळी फोन केला. "कुनी न्हाई म्हनालास व्हय रं?"

"तूच म्हनला ना, खोटं बोलायचं न्हाई? माझं काम तू कवा पायलंस? सोमवारपासनं तुझ्याच लायनीला हाय. आता रोज बघ, मग सांग वळख हाय का न्हाई."